स्टोअरच्या मुलाखतीतून ऑडिटचे निष्कर्ष: प्रत्येक निष्कर्षामागे ट्रान्सक्रिप्टची ओळ

इंटर्नल ऑडिटमध्ये नव्यानं आलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा असंच काम येतं. मुलाखत सीनियरनं घेतलेली असते, रेकॉर्डिंग कुणीतरी टाइप केलेलं असतं आणि सूचना एका वाक्याची असते: «यातून पॉइंट काढून दे.» मग आपण ट्रान्सक्रिप्ट वाचतो आणि स्टोअरवाला काय काय बोलला ते क्रमानं, थोडक्यात लिहून काढतो. ते नीटनेटकं दिसतं, पण तो झाला मुलाखतीचा सारांश. इंटर्नल ऑडिटर्सच्या जागतिक संस्थेची ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली मानकं निष्कर्षाचा अर्थ सरळ सांगतात: काय असायला हवं आणि प्रत्यक्षात काय आहे, यातली तफावत. ही तफावत ज्यात नाही, ते वाक्य माहिती म्हणून ठेवा, निष्कर्ष म्हणून नको.

दुसरी अडचण जास्त घातक असते. तफावत सापडते, पण लिहिताना ती फुगते. समोरचा «कधी कधी» म्हणाला, अहवालात «नियमितपणे» आलं. तो «ऐकलंय» म्हणाला, अहवालात «झाले आहे» आलं. मग खुलाशाच्या बैठकीत खरेदीप्रमुख विचारतात, «हे कोण म्हणालं, कुठं म्हणालं?», आणि ऑडिटवाल्यांच्या बाजूला शांतता. म्हणून या कामाचा खरा नियम एकच: निष्कर्षाचं वजन त्याच्याखालच्या ओळीपेक्षा जास्त असता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा नियम पाळता यावा म्हणूनच आहेत.

उदाहरणासाठी एक मुलाखत घेऊ. ती शिकवण्यापुरती बेतलेली आहे. कारखाना सुटे भाग बनवणारा, मुलाखत स्टोअर प्रभारींची, विषय माल आत येण्याचा. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची कारखान्याची स्वतःची नोंद. तिच्यावर साठाही वाढतो आणि पुरवठादाराचं बिलही पास होतं.

१२ प्रश्न: गाडी गेटवर आल्यापासून जीआरएन होईपर्यंत काय काय होतं, सांगाल?
१३ उत्तर: गाडी आली की सिक्युरिटी रजिस्टरला नोंद करते. चलन माझ्याकडे येतं. आम्ही माल मोजतो, क्यूसीला कळवतो. क्यूसीनं पास केला की जीआरएन.
१४ प्रश्न: मोजणी दर वेळी होते?
१५ उत्तर: होते. म्हणजे खोकी मोजतो. आतले नग मोजायला माणसं कुठं आहेत साहेब, आम्ही दोघंच आहोत.
१६ प्रश्न: मग जीआरएनमध्ये नग कुठून भरता?
१७ उत्तर: चलनावर असतात ते.
१८ प्रश्न: महिनाअखेरीला काही वेगळं होतं का?
१९ उत्तर: पर्चेसवाले घाई करतात. गाडी तिकडून निघाली असली की सांगतात, जीआरएन टाकून ठेव, उद्या येतेच आहे. टाकतो कधी कधी.
२० प्रश्न: किती वेळा झालं असेल?
२१ उत्तर: मोजलं नाही. मार्चमध्ये तीन-चार असतील.
२२ प्रश्न: जीआरएन कुणाच्या लॉगिननं होतो?
२३ उत्तर: माझ्याच. मी सुट्टीवर असलो की दुसरा माझ्याच लॉगिननं करतो, पासवर्ड आहे त्याच्याकडे.
२४ प्रश्न: म्हणजे रिजेक्ट मालाचं वेगळं रजिस्टर तुम्ही ठेवत नाही, बरोबर?
२५ उत्तर: हं, तसंच समजा.
२६ प्रश्न: तो माल परत गेला की अकाउंट्सला कोण कळवतं?
२७ उत्तर: ते मला माहीत नाही. पर्चेसवाले कळवत असतील. एका सप्लायरला माल परत जाऊनही पूर्ण पैसे गेले असं ऐकलंय.

आधी ओळी गोठवा

वाचायला बसण्यापूर्वी ओळींना क्रमांक द्या आणि ती फाइल तिथंच बंद करा. यापुढे मधे एकही ओळ घालायची नाही, काढायची नाही. टायपिंगची चूक सापडली तर सुधारणेची वेगळी नोंद ठेवा, कारण एक ओळ सरकली की तिच्याखालचे सगळे संदर्भ चुकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलाखतीलाही क्रमांक द्या. ही तिसरी मुलाखत असेल तर पंधराव्या ओळीचा संदर्भ होईल मु३-१५. पहिल्या पानावर तारीख, हुद्दा, मुलाखत घेणारा कोण आणि टाइप करणारा कोण, एवढं असू द्या.

रेकॉर्डिंग हाताशी असेल तर आकडे आणि नकार असलेल्या ओळी कानानं ताडून पाहा. सगळं पुन्हा ऐकायची गरज नसते. «होतं» आणि «होत नाही» यांत टाइप करणाऱ्याचा कान फसतो आणि पूर्ण अर्थ उलटतो. ऐकू येत नसेल तिथं चौकटी कंसात अस्पष्ट असं लिहा, अंदाजानं भरू नका.

विधानं वेगळी काढा, आणि ती कुठल्या जातीची आहेत ते लिहा

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. दुसऱ्या वाचनाला एक्सेल उघडा. चार रकाने पुरतात: ओळ, माणसाचे शब्द जसेच्या तसे, विधानाचा प्रकार आणि कशाबद्दल आहे. दुसऱ्या रकान्यात भाषा सुधारायची नाही. «टाकतो कधी कधी» हे «काही वेळा आगाऊ नोंद केली जाते» असं प्रमाण मराठीत आणलं की ते कोण करतं हेच नाहीसं होतं.

प्रकाराचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि नवखी मंडळी नेमका तोच गाळतात. माणूस स्वतः करतो किंवा स्वतः पाहतो ते एक, ऐकीव दुसरं, अंदाज तिसरा, मत चौथं. पाचवा प्रकार लपून बसतो: प्रश्नानंच सुचवलेलं उत्तर.

आपल्या मुलाखतीत ओळ १७ आणि २३ पहिल्या प्रकारात येतात. तो माणूस स्वतः काय करतो ते स्वतः सांगतो आहे, आणि ते त्याच्याच अंगाशी येणारं आहे. स्वतःच्या विरोधात जाणारं विधान माणूस उगाच करत नाही, म्हणून त्याला वजन जास्त. ओळ २१ अंदाज आहे. ओळ २७ मध्ये तीन प्रकार एकापाठोपाठ आले आहेत: माहीत नाही, कळवत असतील, ऐकलंय. अशा ओळीचे तीन तुकडे करून मु३-२७अ, २७आ, २७इ असे लिहायचे. नाहीतर पहिल्या तुकड्याची खात्री तिसऱ्याला चिकटते.

ओळ २४-२५ नीट पाहा. रजिस्टर नाही हे स्टोअर प्रभारी बोललेलेच नाहीत. ते प्रश्न विचारणारा बोलला, आणि प्रभारी «तसंच समजा» म्हणाले. दमलेला माणूस, समोर ऑडिटर, असं उत्तर कुणीही देईल. याच्यावर निष्कर्ष उभा करायचा नाही. पुन्हा जाऊन साधा प्रश्न विचारायचा: «रिजेक्ट झालेला माल कुठं लिहून ठेवता, दाखवाल?» सीनियरच्या प्रश्नात खोट काढताना जीभ अडखळते हे खरं, पण वर्किंग पेपरमध्ये «सूचक प्रश्न, पुन्हा विचारावे» एवढे चार शब्द पुरतात आणि चांगला सीनियर त्याबद्दल रागावत नाही.

ओळ १३ बद्दल एक सांगतो. मुलाखतीतलं पहिलं लांब उत्तर जवळजवळ नेहमीच एसओपीचं, म्हणजे कंपनीनं लिहून दिलेल्या कार्यपद्धतीचं, पाठांतर असतं. काय व्हायला हवं ते माणसाला ठाऊक आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खरं काय होतं ते पुढं, आडव्या प्रश्नांवर निघतं. इथं ओळ १५ चं «होते. म्हणजे खोकी मोजतो» हे स्वतःलाच केलेलं दुरुस्तीचं वाक्य आहे. घाईत वाचणारा «होते» उचलतो आणि मोजणी होते असं लिहून मोकळा होतो. १३ आणि १५ मधली विसंगती लपवू नका. दोन्ही ओळींचा संदर्भ द्या. तपशिलाच्या उत्तराला सर्वसाधारण उत्तरापेक्षा जास्त मान, हे धोरण ठेवा.

कशाच्या तुलनेत?

आता विधानं बाजूला ठेवा आणि नियम काढा. कंपनीची स्टोअरची एसओपी, खरेदीचं धोरण, माहिती सुरक्षेचं धोरण, लागू असेल तिथं कायदा. प्रत्येक विधानापुढं विचारायचं: याच्या विरुद्ध जाणारी लेखी अपेक्षा कुठं आहे? ती सापडली नाही तर निष्कर्षही नाही. फार तर सूचना होईल.

समजा एसओपीत लिहिलं आहे की माल नगांनी किंवा वजनानं मोजून घ्यावा, आणि माल प्रत्यक्ष आवारात आल्यावरच जीआरएन करावा. मग ओळ १५ आणि १७ एका मुद्द्यात येतात, १९ आणि २१ दुसऱ्या, २३ तिसऱ्या. एकाच मुद्द्याला दोन ओळी लागणं चांगलं. पहिल्या मुद्द्यात तर एकटी १५ पुरत नाही, कारण खोकी मोजून कुणी खोक्यावरच्या लेबलावरून नग काढत असेल किंवा नमुन्याला चार खोकी उघडत असेल. नग चलनावरून उचलले जातात हे ओळ १७ सांगते, तेव्हा तफावत पूर्ण होते.

निष्कर्ष लिहिणं

पहिला मुद्दा असा लिहिता येईल:

«माल स्वीकारताना फक्त खोकी मोजली जातात आणि जीआरएनमधली नगसंख्या पुरवठादाराच्या चलनावरून घेतली जाते, असे स्टोअर प्रभारींनी सांगितले (मु३-१५, मु३-१७). एसओपीनुसार माल नगांनी किंवा वजनाने मोजून घेणे आवश्यक आहे. माल कमी आल्यास तो या टप्प्यावर लक्षात येणार नाही आणि बिल पूर्ण संख्येचे पास होईल. मनुष्यबळ अपुरे असल्याचे कारण प्रभारींनी दिले (मु३-१५). ते तपासलेले नाही.»

«असे सांगितले» हे शब्द काढायचा मोह होतो. कागदाचा पुरावा मिळेपर्यंत ते काढायचे नाहीत. कारणालाही स्वतःचा संदर्भ आहे आणि ते तपासलेलं नाही हे उघड लिहिलं आहे. दोघंच आहेत ही गोष्ट हजेरीपटावरून पाच मिनिटांत कळेल. दोघांना ते काम जमतच नाही हे त्यांचं मत आहे. परिणामाच्या वाक्याला मुलाखतीतली ओळ नाही, कारण तो आपला तर्क आहे. म्हणूनच ते «लक्षात येणार नाही» असं आहे, «नुकसान झाले» असं नाही.

दुसऱ्या मुद्द्यात घसरायच्या जागा जास्त आहेत. पहिला मसुदा बहुधा असा येतो: «खरेदी विभागाच्या दबावाखाली दर महिनाअखेरीस माल येण्यापूर्वीच, गुणवत्ता तपासणी न करता जीआरएन केले जातात, त्यामुळे वर्षअखेरचा साठा जास्त दाखवला गेला.» यातला एकेक शब्द ओळीशी लावून पाहा. «दबाव» कुठं आहे? ओळ १९ मध्ये घाई आहे. «दर» कुठं आहे? «कधी कधी» आहे. «गुणवत्ता तपासणी न करता» हे कुणीच बोललेलं नाही. गाडी आलेली नसताना तपासणी आधी झालेली असणं शक्य नाही हे खरं, पण माल आल्यावर ती झाली असेलही. ते विचारलंच गेलं नाही.

«साठा जास्त दाखवला» याची गोष्ट आणखी बारीक आहे. पुरवठादाराच्या दारातच मालकी आपल्याकडे येते असा करार असेल, तर ३१ मार्चला रस्त्यावर असलेला माल हिशोबात धरणं योग्यच ठरू शकतं. तेव्हा जीआरएन चुकीचा, पण साठ्याची रक्कम कदाचित बरोबर. जीएसटीचं मात्र वेगळं: केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(२)(ख) नुसार माल मिळाल्याशिवाय त्यावरचं क्रेडिट घेता येत नाही. त्यामुळे एकाच कृतीचे दोन परिणाम दोन वेगळ्या कागदांवर तपासावे लागतात, खरेदीच्या अटींवर आणि मार्चच्या विवरणपत्रावर. तपासेपर्यंत निष्कर्षात एवढंच:

«गाडी पुरवठादाराकडून निघाल्यावर, माल येण्यापूर्वी, खरेदी विभागाच्या सांगण्यावरून कधी कधी जीआरएन केला जातो, असे स्टोअर प्रभारींनी सांगितले (मु३-१९). मार्चमध्ये असे तीन-चार झाले असावेत असा त्यांचा अंदाज आहे (मु३-२१). एसओपीनुसार माल आवारात आल्यावरच जीआरएन करायचा आहे. साठ्यावरील आणि जीएसटी क्रेडिटवरील परिणाम तपासणे बाकी.»

तिसरा मुद्दा, लॉगिनचा, लिहायला सोपा आहे. ओळ २३ स्पष्ट आहे आणि पासवर्ड वाटून घेऊ नये असं धोरण बहुतेक कंपन्यांत लेखी असतं. परिणामात एक गोष्ट घाला: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा एडिट लॉग ठेवावा लागतो. दोघं एकाच नावानं काम करत असतील तर त्या लॉगमध्ये बदल दिसतो, माणूस दिसत नाही.

आणि ओळ २७इ? परत गेलेल्या मालाचे पूर्ण पैसे गेले, ही मुलाखतीतली सर्वांत मसालेदार बातमी, आणि तिचा निष्कर्ष होत नाही. ती «तपासायचं» या यादीत जाते. परतीची चलनं काढायची, प्रत्येकासमोर डेबिट नोट आहे का पाहायचं. सापडलं तर निष्कर्ष त्या कागदांवर उभा राहील आणि तेव्हा ओळ २७ चा उल्लेखसुद्धा लागणार नाही. ते बरंच, कारण ऐकीव गोष्ट कुणी सांगितली हे अहवालात येणं त्या माणसासाठी चांगलं नसतं.

विधानाला कागदाची जोड

बोललेला पुरावा लेखी पुराव्यापेक्षा कमजोर असतो, म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढं एक रकाना ठेवा: फक्त विधान, की कागदानं दुजोरा. दुसऱ्या मुद्द्यासाठी गेट रजिस्टर हा उत्तम कागद, कारण तो स्टोअरच्या हातात नसतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले जीआरएन घ्या, चलन क्रमांकावरून गेटची तारीख शोधा. समजा ३१ मार्चच्या दोन जीआरएनच्या गाड्या १ आणि २ एप्रिलला आत आल्या. आता निष्कर्षात «दोन जीआरएन» लिहायचं. तीन-चारचा अंदाज मागे पडतो. दोन अधिक अंदाज मिळून «किमान चार» वगैरे करायचं नाही. गाडी रात्री आली आणि नोंद सकाळी झाली, असंही गेटवर घडतं, म्हणून १ तारखेच्या गाडीचं लॉरी रिसीट किंवा ई-वे बिलही पाहा.

पहिल्या मुद्द्याला दुजोरा वेगळ्या वाटेनं मिळतो. वर्षभराचे जीआरएन आणि चलनं यांतली नगसंख्या सिस्टीममधून शेजारी शेजारी काढा. एकाही खेपेत एकही नग कमी-जास्त नसेल, तर कुणी मोजत नाही हे आकडेच सुचवतात. प्रत्यक्ष मोजणीत कधीतरी दोन नग इकडेतिकडे होतातच. लॉगिनसाठी प्रभारींच्या रजेच्या तारखा आणि त्या दिवशी त्यांच्या नावानं झालेले जीआरएन जुळवले की काम झालं.

उलट दिशेनं तपासा

मसुदा झाल्यावर निष्कर्ष झाका आणि संदर्भाच्या ओळी नुसत्या वाचा. फक्त त्या ओळींवरून एखादा तिऱ्हाईत हाच निष्कर्ष काढेल का? जमलं तर हे दुसऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्या, कारण आपल्याला ओळीत नसलेलंही दिसत असतं. मग मसुद्यातली विशेषणं आणि वारंवारता सांगणारे शब्द शोधा: नेहमी, सर्रास, जाणूनबुजून, गंभीर. प्रत्येकाला ओळ हवी. नसेल तर शब्द जातो.

त्यानंतर उरलेल्या ओळी पाहा. कुठल्याच निष्कर्षात न वापरलेली ओळ का वापरली नाही, ते एका वाक्यात लिहा. आपल्या बाजूची विधानं उचलून उलटी विधानं गाळली, असा आरोप ऑडिटवर सहज होतो. स्टोअर प्रभारी चाळिसाव्या ओळीत म्हणाले असतील की महागड्या मालाचे नग आम्ही मोजतोच, तर पहिला निष्कर्ष तेवढ्यानं अरुंद होतो आणि ती ओळ संदर्भात यायलाच हवी.

मुलाखत दिलेल्याला दाखवा

निष्कर्ष वर पाठवण्याआधी विधानांची यादी, निष्कर्ष नव्हे, प्रभारींकडे पाठवा आणि «तुम्ही असं म्हणालात ना?» एवढंच विचारा. अहवालात नाव न घालता हुद्दा घाला, आणि त्यांचे जसेच्या तसे शब्द शक्यतो वर्किंग पेपरमध्येच ठेवा. «माणसं कुठं आहेत साहेब» हे वाक्य अहवालात छापलं तर वाचणाऱ्यांचं लक्ष मोजणीवरून उडून त्या माणसावर जातं.

कधी उत्तर येतं: «मी तसं म्हणालोच नाही.» ओळ खोडायची नाही. तिच्यासमोर त्यांचं नवं म्हणणं आणि तारीख लिहायची, रेकॉर्डिंग असेल तर सीनियरसोबत ऐकायचं. निष्कर्ष फक्त त्या विधानावर उभा असेल तर तो थांबतो. गेट रजिस्टरनं दुजोरा दिलेला असेल, तर «असे सांगितले» हे शब्द काढून निष्कर्ष रजिस्टरच्या तारखांवर नव्यानं लिहायचा. खरेदी विभागानं सांगितलं म्हणून जीआरएन टाकला, हा भाग मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. तो वगळायचा, आणि खरेदी विभागाच्या मुलाखतीत त्याबद्दल नवा प्रश्न घालायचा.